पीपल-सर्च साइटवरून काढलेला पत्ता परत दिसतोय? तो कुठल्या वाटेने आला ते आधी शोधा

तक्रार बहुतेकांची एकच असते. अमेरिकेत राहणारा माणूस स्वतःचं नाव गुगलवर टाकतो, तर स्पोकिओ, व्हाइटपेजेस, ट्रूपीपलसर्च अशा साइटींवर घराचा पत्ता, मोबाइल नंबर, वय आणि नातेवाइकांची नावं उघडी पडलेली असतात. तो एक-एक साइट गाठून ऑप्ट-आउटचा फॉर्म भरतो, नोंदी जातात. काही महिन्यांनी पाहतो तर पत्ता पुन्हा जिथल्या तिथे. मग तो चिडून तोच फॉर्म पुन्हा भरतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच.

तोच फॉर्म डोळे मिटून परत भरणं हा यावरचा उपाय नाही. 'परत आलं' असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक घडलेली असते: नोंद गेलेली आहे पण गुगल जुनंच दाखवतंय, नोंद कधी गेलीच नव्हती, एक गेली पण तुमचीच दुसरी नोंद शिल्लक होती, किंवा नोंद खरंच नव्याने तयार झाली. चौघींचा इलाज वेगळा आहे. मराठी घरांत सगळ्यात जास्त त्रास तिसरी देते, म्हणून खाली तिलाच जास्त जागा दिली आहे.

आधी निदान

गुगलच्या निकालावर विश्वास ठेवू नका. ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा आणि त्या साइटवरचं तुमचं पान थेट पत्ता टाकून उघडा. पहिल्यांदा फॉर्म भरताना त्या पानाची लिंक जपून ठेवली असेल तर इथे काम सोपं होतं, कारण अनेक साइटींवर लिंकच्या शेवटी प्रत्येक नोंदीचा स्वतःचा क्रमांक किंवा अक्षरांची जुडी असते. पान उघडतच नसेल तर नोंद गेलेली आहे आणि गुगल मागे पडलंय. तोच क्रमांक जिवंत असेल तर ती नोंद मुळात गेलीच नव्हती. जुनी लिंक मेलेली आहे पण साइटवर शोधल्यावर वेगळ्या क्रमांकाचं पान सापडतंय, तर ती दुसरी किंवा नव्याने झालेली नोंद.

जुनी लिंक जपलेली नसेल तर आजपासून जपा. एक साधी एक्सेल शीट पुरते: साइटचं नाव, पानाची पूर्ण लिंक, पानावर नाव जसंच्या तसं कसं लिहिलंय, कुठला पत्ता दाखवलाय, फॉर्म भरल्याची तारीख, कुठला ईमेल वापरला, आणि पुष्टी झाली का. 'पानावर नाव कसं लिहिलंय' हा रकाना गाळू नका, पुढे सगळा खेळ त्याचाच आहे.

गुगल मागे पडलंय

मूळ पान मेलेलं असताना गुगलवर नाव-पत्त्याची ओळ दिसत राहते, कारण गुगलने त्या पानाला पुन्हा भेट दिलेली नसते. त्यासाठी हे पान आहे:

```
search.google.com/search-console/remove-outdated-content
```

तिथे मेलेल्या पानाची लिंक टाकायची, बाकी काही सिद्ध करावं लागत नाही. मूळ पान चालू असेल तर ही विनंती नाकारली जाते, तेव्हा साइटवरून नोंद गेल्यावरच इकडे या.

गुगलचं `Results about you` हे साधन वेगळं आहे. त्यात नाव, पत्ता, फोन नोंदवला की ते सापडणाऱ्या निकालांची सूचना मिळते आणि ते निकाल काढायची विनंती करता येते. पण त्याने फक्त गुगलचा निकाल जातो. साइटवर जाऊन नाव टाकणाऱ्याला नोंद तशीच मिळते, शिवाय बिंगवरही ती राहते. पाळत ठेवायला हे साधन उत्तम आहे, साफसफाईला अपुरं.

नोंद गेलीच नव्हती

बहुतेक वेळा फॉर्म भरलेला असतो, पण शेवटची पायरी राहून गेलेली असते. स्पोकिओवर `spokeo.com/optout` या पानावर नोंदीची लिंक आणि ईमेल दिला की एक मेल येतो. त्यातल्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय काहीच होत नाही, आणि तो मेल हमखास स्पॅममध्ये जाऊन बसतो. व्हाइटपेजेसची तऱ्हा निराळी. तिथे फोन नंबर द्यावा लागतो, लगेच यंत्राचा कॉल येतो आणि पडद्यावर दिसणारा आकडी कोड फोनवर दाबायचा असतो. अनोळखी कॉल आपोआप गप्प करणारी सोय मोबाइलवर चालू असेल तर तो कॉल वाजतच नाही. फॉर्म भरण्यापूर्वी ती सोय दहा मिनिटं बंद ठेवा.

बीनव्हेरिफाइडवर एका ईमेलवरून एकच नोंद काढता येते. नवरा-बायको दोघांच्या नोंदी एकाच ईमेलवरून काढायला गेलात तर दुसरी अडते. दुसऱ्या व्यक्तीसाठी दुसरा ईमेल वापरा.

इंटेलियस, ट्रूथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या पीपलकनेक्ट या एकाच कंपनीच्या साइटी आहेत, आणि त्या `suppression.peopleconnect.us` या एकाच ठिकाणाहून हाताळल्या जातात. इथे एक फसवी जागा आहे. नोंद दडपण्याचा पर्याय वेगळा आणि तुमची माहिती डिलीट करण्याचा पर्याय वेगळा. डिलीट हा शब्द जास्त पक्का वाटतो, म्हणून लोक तो निवडतात. पण त्यात तुमची दडपण्याची विनंतीही पुसली जाते, आणि मग पुढच्या वेळी सरकारी नोंदींतून तुमचं पान बनलं तर ते अडवायला काहीच उरत नाही. इथे दडपणंच निवडायचं.

भारतात सुट्टीवर असताना हे काम करायला बसू नका. ट्रूपीपलसर्च आणि फास्टपीपलसर्चसारख्या साइटी अमेरिकेबाहेरून अनेकदा उघडतच नाहीत, आणि व्हीपीएन लावला तर त्यालाही अडवतात. पान उघडलं नाही म्हणून नोंद गेली असा समज करून घेणारेही भेटतात.

ईमेलबद्दल इतकंच की या कामासाठी एक वेगळा पत्ता उघडा, पण चार तासांत मरणारा तात्पुरता ईमेल नको, कारण पुष्टीचा मेल कधीकधी उशिरा येतो. पानावर जे आधीच उघडं आहे तेवढंच फॉर्ममध्ये लिहा. काही ठिकाणी जन्मतारीख लागते, पीपलकनेक्टवर ती द्यावीच लागते. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र कुठल्याही ऑप्ट-आउटला लागत नाही. कुणी मागितलाच तर तिथून उठा. ओळखपत्राची प्रत मागितली तर फोटो आणि ओळखपत्राचा क्रमांक झाकून पाठवा.

एक गेली, बाकीच्या राहिल्या

या साइटींकडे 'माणूस' नावाची एक पक्की वस्तू नसते. मतदार यादी, घराची कागदपत्रं, फोनची निर्देशिका, क्रेडिट ब्यूरोंकडून फिरणारा नाव-पत्त्याचा भाग, मासिकांच्या वर्गणीदारांच्या याद्या अशा ठिकठिकाणच्या ओळी संगणक एकत्र जुळवतो. नाव, वय आणि पत्ता पुरेसे जुळले तर एक माणूस, नाही जुळले तर दोन. म्हणून ज्याचं नाव प्रत्येक कागदावर जरा वेगळं पडतं त्याच्या नोंदी जास्त होतात. आणि आपली नावं पडतातच वेगळी.

समजा, एक काल्पनिक वैशाली आहे. माहेरची जोशी. एमएस करायला आली तेव्हा जर्सी सिटीत तीन मैत्रिणींबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायची. लग्नानंतर कुलकर्णी झाली, नवरा सचिन. नव्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात 'वैशाली सचिन' आणि आडनावाच्या रकान्यात 'कुलकर्णी'. आता दोघं एडिसनमध्ये स्वतःच्या घरात राहतात. तिच्या या नोंदी सापडतील:

```
Vaishali Joshi            Jersey City
Vaishali S Kulkarni       Edison
Vaishalisachin Kulkarni   Edison
Vaishali Kulkami          Edison
```

तिसरी नोंद पासपोर्टमुळे. ड्रायव्हिंग लायसन्स, बँक आणि विमा यांनी 'वैशाली सचिन' हे अख्खंच पहिलं नाव धरलं, आणि कुठल्यातरी संगणकाने मधली मोकळी जागा गाळली. चौथी कागद वाचणाऱ्या यंत्राची करणी: r आणि n जवळजवळ आले की ते m वाचतं, आणि कुलकर्णींचे कुलकामी होतात. वैशालीने दुसरी नोंद काढली आणि समाधानाने बसली. महिन्याभराने कुणी गुगलवर तिचा फोन नंबर टाकला तर तिसरी वर आली. तिच्या दृष्टीने नोंद परत आली. साइटच्या दृष्टीने ती बाई वेगळीच होती.

म्हणून शोध नावाने करू नका, पत्त्याने आणि फोनने करा. ट्रूपीपलसर्चसारख्या साइटींवर नावाच्या शेजारी फोन आणि पत्ता यांचे वेगळे टॅब असतात. आताच्या घराचा पत्ता टाका, मग मागच्या प्रत्येक घराचा, मग प्रत्येक फोन नंबर, कॉलेजच्या काळातल्या जुन्या प्रीपेड नंबरसकट. त्या पत्त्याशी जोडलेली सगळी माणसं समोर येतात, त्यात आपल्याच नावाचे विद्रूप अवतार लगेच ओळखू येतात. गुगलवर शोधायचं तर असं:

```
"Kulkarni" "Edison, NJ" "Joshi"
"732-555-0142"
"(732) 555-0142"
```

फोन नंबर दोन्ही पद्धतींनी टाकून पाहा, कारण साइटी तो वेगवेगळ्या पद्धतींनी लिहितात.

सापडलेल्या प्रत्येक पानावर `Also Known As` किंवा तशा अर्थाची ओळ पाहा. वैशाली जोशीच्या पानावर तिथे 'वैशाली कुलकर्णी' लिहिलं असेल तर जर्सी सिटीची ती जुनी नोंद निरुपद्रवी नाही. ती माहेर आणि सासर यांना जोडणारा दुवा आहे, आणि पुढे नवा पत्ता तिच्यात येऊन पडायला वेळ लागत नाही. आधी लोक सगळ्यात भरलेली, ताजा पत्ता असलेली नोंद काढतात आणि बारीकसारीक तुकडे सोडून देतात. आमचं म्हणणं उलटं आहे. एका साइटवरच्या सगळ्या नोंदींची यादी आधी पूर्ण करा आणि त्या एका बैठकीत काढा. एखादा तुकडा मागे राहिला तर पुढच्या भरणीला नवी माहिती त्याच्याभोवती गोळा होते.

फॉर्ममध्ये नाव पानावर आहे तसंच चुकीचं लिहायचं. 'कुलकामी' असेल तर कुलकामी. मनातल्या मनात स्पेलिंग दुरुस्त करून पाठवलेली विनंती कुठल्याच नोंदीला लागत नाही. आणि साइटला मेल करून 'हे चारही मीच' असं कळवू नका. आजवर संगणकाला न जुळलेली चार तुकड्यांची माहिती आपण स्वतःच जुळवून देतो.

नवऱ्याच्या पानाकडेही बघायला हवं. वैशालीची प्रत्येक नोंद गेली तरी सचिनच्या पानावर नातेवाइकांच्या यादीत तिचं नाव आणि खाली तोच पत्ता राहतो. घरातल्या सगळ्या प्रौढांच्या नोंदी एकत्र काढल्याशिवाय पत्ता झाकला जात नाही. यात आई-बाबा विसरले जातात. ते सहा महिन्यांसाठी आले, त्यांच्या नावे फोनची लाइन घेतली किंवा बँकेत संयुक्त खातं उघडलं, तर ते पुण्याला परतल्यावरही त्यांच्या नावाची नोंद एडिसनच्या पत्त्यावर राहू शकते. पत्त्याने शोधलं की तीही सापडते.

नोंद खरंच नव्याने तयार झाली

सगळ्या नोंदी गेल्याची खात्री होती, आणि आता नवा क्रमांक आणि ताजी माहिती घेऊन एक पान उभं आहे, असं असेल तर ते पान नीट वाचा. माहिती कुठून आली हे ते स्वतःच सांगतं. घर कधी विकत घेतलं, किती बेडरूम, किती किमतीला, असं असेल तर उगम काउंटीच्या मालमत्ता नोंदीत आहे. नवा पत्ता घर बदलल्याच्या महिन्यापासून लागला असेल तर पत्ताबदलाचा फॉर्म किंवा क्रेडिट ब्यूरो. पक्षाचं नाव किंवा मतदार नोंदणीची तारीख दिसत असेल तर मतदार यादी, म्हणजे हे फक्त नागरिकत्व घेतलेल्यांच्या बाबतीत. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी वाल्याच्या नोंदीत हा उगम नसतोच.

घर बदलताना पोस्टाच्या फॉर्मकडे लक्ष द्या. कायमस्वरूपी पत्ताबदल नोंदवला की तो टपाल खात्याच्या नॅशनल चेंज ऑफ अॅड्रेस यादीत जातो आणि तिथे ४८ महिने राहतो. परवानाधारक कंपन्यांकडे तुमचं नाव आणि जुना पत्ता असेल तर त्यांना त्या यादीवरून नवा पत्ता मिळतो. तात्पुरता पत्ताबदल या यादीत जात नाही. ज्यांना पत्ता लपवायचाच आहे ते पोस्टाचा फॉर्म न भरता बँक, विमा, नोकरी, इमिग्रेशन खातं अशा प्रत्येकाला स्वतंत्रपणे नवा पत्ता कळवतात. यात एखादं-दुसरं पत्र जुन्या घरी जातं, तेवढी तयारी ठेवावी लागते. यूएससीआयएसला पत्ता कळवणं मात्र टाळू नका. नागरिक नसलेल्यांना घर बदलल्यापासून १० दिवसांत ते करावंच लागतं.

घराच्या डीडचं काही करता येत नाही. काउंटीचं दप्तर सार्वजनिक आहे, तिथून नाव काढून मिळत नाही. न्यू जर्सीत २०२० पासून डॅनियल्स लॉ आहे, न्यायाधीश एस्थर सलास यांच्या मुलाची घरी येऊन हत्या झाल्यानंतरचा. पण त्याचं संरक्षण न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस अशांना आहे, सरसकट सगळ्यांना नाही. घरगुती हिंसा किंवा पाठलाग झालेल्यांसाठी पर्यायी पत्ता देणारी सरकारी योजना न्यू जर्सीतही आहे आणि कॅलिफोर्नियातही, तिथे तिचं नाव सेफ अॅट होम. तशा परिस्थितीत असाल तर ऑप्ट-आउट करत बसण्याआधी तिकडे जा.

पुढचं घर घेणाऱ्यांना डीड ट्रस्टच्या नावे करायचा पर्याय असतो, पण ट्रस्टचं नाव 'कुलकर्णी फॅमिली ट्रस्ट' ठेवलं तर काय साधलं! आणि घरच्या पत्त्यावर एलएलसी नोंदवू नका. राज्याच्या दप्तरातली ती नोंद कुणीही उघडून पाहू शकतो.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी

बे एरियात किंवा लॉस एंजेलिसच्या बाजूला राहत असाल तर तुमच्या हातात इतर राज्यांतल्यांपेक्षा भारी हत्यार आहे. २०२३ च्या डिलीट अॅक्टनुसार तिथल्या प्रायव्हसी एजन्सीने `DROP` नावाचं एकच ठिकाण काढलं. १ जानेवारी २०२६ पासून रहिवाशांना त्यावर एकच विनंती करता येते आणि ती नोंदणीकृत सगळ्या डेटा ब्रोकरांना, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना, लागू होते. ब्रोकरांनी १ ऑगस्ट २०२६ पासून दर ४५ दिवसांनी ही यादी पाहून जुळणारी माहिती पुसायची आहे, नव्याने आलेलीसुद्धा. परत उगवणाऱ्या नोंदीवर नेमका हाच उतारा आहे.

```
privacy.ca.gov/drop
```

मर्यादा दोन. सार्वजनिक सरकारी नोंदींतून आलेली माहिती यातून सुटते, म्हणजे डीडवरचा पत्ता राहू शकतो. आणि जुळणी तुम्ही दिलेल्या नाव, जन्मतारीख, झिप कोड, ईमेल, फोन यांवरच होते. तुम्ही पासपोर्टवरचं नाव दिलंत आणि ब्रोकरकडे 'वैशाली जोशी' असेल तर तिला धक्का लागत नाही. एडिसनची वैशाली हे वापरू शकत नाही, कारण आधी कॅलिफोर्नियाचं रहिवासी असणं सिद्ध करावं लागतं.

पैसे घेऊन हे काम करणाऱ्या सेवांनाही नावांचे सगळे अवतार आपणच पुरवायचे असतात. कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२४ मध्ये अशा सेवा तपासल्या, तेव्हा हाताने केलेले ऑप्ट-आउट चार महिन्यांत ७० टक्के नोंदी काढू शकले. सेवांपैकी चांगल्या त्याच्या जवळपास पोचल्या, वाईट अगदीच मागे पडल्या. सेवा घेतलीत तरी ट्रूपीपलसर्च, स्पोकिओ आणि व्हाइटपेजेस स्वतःच्या हाताने पाहा.

पुन्हा तपासण्याचं वेळापत्रक असं ठेवा: फॉर्म भरल्यावर आठवड्याने एकदा, पुष्टी लागू पडली का हे बघायला, मग दर तीन महिन्यांनी पत्त्याने आणि फोनने शोध, आणि घर घेणं, घर बदलणं, नवी फोन लाइन, नागरिकत्व मिळाल्यावरची मतदार नोंदणी यांपैकी काही घडलं की त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी एक जादा फेरी. त्या फेरीत शीटमधल्या जुन्या लिंका आधी उघडून बघा, मगच नवे शोध घ्या, म्हणजे जुनी नोंद जिवंत आहे की नवी उगवली आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.